विम्याचं कव्हर घटलं, म्हणून जुन्या ग्राहकाची उधारी कमी करावी लागली: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या दोन्ही कंपन्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. बाकी घटनाक्रम जसा घडला तसाच आहे. मी त्या वेळी विकणाऱ्या कंपनीत क्रेडिटचं काम बघत होते.

पार्श्वभूमी

आमची कंपनी प्लास्टिकच्या दाण्याची वितरक. ऑफिस पुण्यात, गोडाऊन भिवंडीला. ग्राहक नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला मोल्डर. पीपीचा दाणा घेऊन तो वाहन उद्योगाला लागणारे भाग बनवतो आणि मोठ्या पुरवठादार कंपन्यांना देतो. आमचा त्याचा व्यवहार नऊ वर्षांचा. या नऊ वर्षांत त्याचा एकही चेक परत आलेला नाही. बिल 60 दिवसांचं, पैसे साधारण 62 ते 65 दिवसांत येत. आमच्या धंद्यात याला चोख पेमेंट म्हणतात.

महिन्याला तीन गाड्या जायच्या. एका गाडीत 16 टन, म्हणजे 25 किलोच्या 640 गोण्या. किलोला 100 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी धरला की गाडीमागे 18.88 लाखांचं बिल. 60 दिवसांच्या हिशोबानं कायम सहा गाड्यांचे पैसे, म्हणजे सुमारे 1.13 कोटी, त्याच्याकडे असायचे. त्याची मर्यादा आम्ही 1.25 कोटी ठेवली होती, आणि विमा कंपनीचं कव्हरही तेवढंच होतं. पॉलिसी अशी की ग्राहकानं पैसे बुडवले, तर कव्हरच्या आतल्या नुकसानातलं 90 टक्के विमा कंपनी सोसणार, 10 टक्के आम्ही.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एक सवय पडली होती. विमा कंपनीचा आकडा आला की तोच सिस्टिममध्ये ग्राहकाची मर्यादा म्हणून भरायचा. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं सगळे धरून चालायचे. पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू झाला.

अडचण

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी दुपारी विमा कंपनीचा मेल आला. या ग्राहकाचं कव्हर 1.25 कोटींवरून 75 लाखांवर, आजपासून लागू. कारण दोन ओळींत: ऑक्टोबरमध्ये दाखल झालेल्या ताळेबंदात नफा घटलेला, कर्ज वाढलेलं, शिवाय या क्षेत्रातली एकूण जोखीम कमी करण्याचं धोरण.

असा मेल आला की आधी पॉलिसी उघडून तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, जुन्या मालाचं काय? आमच्या पॉलिसीप्रमाणे मेलच्या तारखेआधी निघालेल्या मालाला जुनं कव्हर कायम होतं. म्हणजे बाहेर असलेल्या सहाही गाड्या सुरक्षित होत्या. दुसरी, नव्या मालाचं काय? नवी गाडी निघाली तर एकूण येण्यातली जुनी बिलं आधी मोजली जाणार आणि 75 लाखांत उरलेल्या जागेपुरतंच नव्या बिलाला कव्हर मिळणार. त्या दिवशी जुनंच येणं 1.13 कोटी, म्हणजे जागा शून्य. तिसरी, हे ग्राहकाला सांगता येतं का? आमच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं की पॉलिसी आहे ही गोष्ट आणि कव्हरचा आकडा खरेदीदाराला विमा कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कळवायचा नाही.

मी ही तिसरी अट वाचत होते तोवर भिवंडीच्या गोडाऊनमध्ये अंबडची गाडी भरून उभी होती. ई-वे बिल निघालेलं. मी सिस्टिममध्ये 75 लाखांचा आकडा भरला आणि सिस्टिमनं ती गाडी आपोआप अडवली. गेटवरच्या पावतीवर छापून आलं: क्रेडिट होल्ड. ड्रायव्हरनं त्या पावतीचा फोटो काढून अंबडच्या स्टोअरला पाठवला, कारण उशीर आपल्यामुळे होत नाही हे त्याला दाखवायचं होतं. स्टोअरवाल्यानं तो मालकांना दाखवला. मालकांनी आमच्या सेल्सच्या मुलाला फोन लावला आणि तो घाबरून बोलून गेला, “दादा, आमच्याकडून काही नाही हो, विम्यावाल्यांनी हात आखडता घेतलाय.”

मेल आल्यापासून हे बोलणं होईपर्यंत दोन तासही गेले नव्हते. नऊ वर्षांच्या ग्राहकाला स्वतःबद्दलचा निर्णय कळला तो गेटच्या पावतीवरून, आणि कारण कळलं ते ज्याला सांगायची मुभाच नव्हती त्याच्या तोंडून. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

समोरचे पर्याय

संध्याकाळी डायरेक्टर, सेल्सचे प्रमुख आणि मी बसलो. सेल्सचं म्हणणं, विमा कंपनीचा आकडा बाजूला ठेवा, नऊ वर्षांचा अनुभव बघा, 1.25 कोटी तसेच चालू द्या. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. विमा कंपनीकडे ताळेबंद असतो, पण ग्राहक रोज कसा वागतो हे आम्हालाच माहीत असतं. आणि उधारीची मर्यादा हा शेवटी आमचा निर्णय. कव्हरपेक्षा जास्त उधारी द्यायला कुणी मनाई केलेली नसते, फक्त वरचा भाग आपल्या अंगावर असतो.

पण तो भाग किती, हे मांडून बघितलं. जुन्या गाड्यांचे पैसे येत जातात आणि नव्या निघत जातात, तसं कव्हर असलेलं येणं कमी होतं आणि कव्हर नसलेलं वाढतं. नेहमीच्या वेगानं तीन नव्या गाड्या निघाल्या की सुमारे 38 लाख उघडे पडणार होते. आमची सुटते ती कमाई टनाला अडीच हजार. 38 लाख बुडाले तर ते भरून काढायला 1,520 टन विकावे लागतील. या ग्राहकाच्या गतीनं ती जवळजवळ पावणेतीन वर्षांची विक्री. शिवाय बुडालेल्या बिलावर भरलेला जीएसटी सरकार परत देत नाही. कायमचं असं उघडं राहणं आमच्या भांडवलाला झेपणारं नव्हतं, मग ग्राहक कितीही चांगला असो.

दुसरं टोक म्हणजे सगळं थांबवायचं: येणं 75 लाखांखाली येईपर्यंत गाडी नाही. यानं आमची वही स्वच्छ राहिली असती, पण ग्राहकाच्या मशीन दहा-बारा दिवसांत बंद पडल्या असत्या. मग त्याची पुढची बिलं अडली असती, आणि आमचे जुने 1.13 कोटी ज्या पैशांतून यायचे तेच आटले असते. अंबडमध्ये एका पुरवठादारानं माल थांबवला की दुसऱ्याच्या कानावर जायला संध्याकाळ पुरते. चांगला ग्राहक असा अडचणीत ढकलला जातो, आणि मग सगळे म्हणतात की विमा कंपनीचं बरोबर होतं.

मधले काही पर्यायही बघितले. बँक गॅरंटी घ्यायची तर त्याची बँक मार्जिनसाठी रोख अडकवणार, म्हणजे ज्याची चणचण आहे तेच काढून घेणं. 60 दिवसांची एलसी, म्हणजे बिलाचे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, शक्य होती, पण त्याच्या बँकेतल्या मर्यादेतली बरीच जागा नव्या मशीनच्या आयातीत गेली होती. संचालकांची वैयक्तिक हमी मागणं मला पटलं नाही. ज्याच्या पेमेंटबद्दल तक्रार नाही त्याच्याकडे घर लिहून मागितलं, तर तोंडानं काहीही बोललो तरी संदेश एकच जातो.

मग एक हिशोब मांडला आणि प्रश्न सोपा झाला. 75 लाखांत साधारण चार गाड्या बसतात, म्हणजे 60 दिवसांऐवजी 40 दिवस. ग्राहकाला दर महिन्याला जास्त पैसे द्यायचे नव्हते, एकदाच दोन गाड्यांचे पैसे, 37.76 लाख, लवकर द्यायचे होते. ते चार महिन्यांत विभागले तर महिन्याला नेहमीच्या तीन गाड्यांबरोबर अर्धी गाडी जास्तीची. आणि पहिली अर्धी गाडी नवा माल निघण्याआधी आली, तर आमचा उघडा भाग 38 वरून 29 लाखांवर यायचा आणि तिथून दर महिन्याला साडेनऊ लाखांनी उतरायचा. डायरेक्टरांनी 30 लाखांपर्यंतची जोखीम चार महिन्यांसाठी, उतरत्या क्रमानं, लेखी मंजूर केली. तोंडी मंजुरीवर मी हे केलं नसतं. चार महिन्यांनी कुणालाच नेमकं आठवत नाही.

कसं सांगायचं

त्याच रात्री मी पत्राचा पहिला मसुदा लिहिला: “आपल्या आर्थिक स्थितीचा आढावा घेता आपली क्रेडिट मर्यादा कमी करण्यात येत आहे.” सकाळी वाचला तेव्हा लक्षात आलं की या वाक्यात आपण न्यायाधीश झालो आहोत. त्याच्या आर्थिक स्थितीबद्दल आम्हाला माहीत होता तो मार्चअखेरचा ताळेबंद, आणि आता नोव्हेंबर चालू होता. असं पत्र त्याच्या फाइलमध्ये राहतं, उद्या त्याच्या बँकेच्या नजरेला पडतं.

दुसरा मसुदा उलट टोकाचा: आमचा नाइलाज आहे, वरून आलंय. हा मसुदा पॉलिसीच्या अटीत बसत नव्हताच, पण तो खराही नव्हता. आकडा आम्ही ठरवला होता. दुसऱ्याच्या मागे लपलं की ग्राहकाला वाटाघाटीला माणूसच उरत नाही. ज्याच्याशी बोलायचं तो खोलीत नसतो.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं: “आपल्याकडील येणे बाकी जास्तीत जास्त किती ठेवायची याचा आम्ही फेरविचार केला असून ती 75 लाख रुपये करण्याचे ठरवले आहे. आपल्या पेमेंटबाबत आमची कोणतीही तक्रार नाही. हा बदल चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने करावा, असा आमचा प्रस्ताव असून त्याचा तक्ता सोबत आहे. सहामाही आकडे मिळाल्यास आम्ही पुन्हा विचार करू.” पण हे पत्र आधी पाठवलं नाही. शनिवारी सकाळी मी अंबडला गेले, बोलणं झालं, आणि पत्र सोमवारी गेलं.

मालक पन्नाशीतले, शांत माणूस. चहा आला आणि त्यांनी सरळ विचारलं, “ताई, विमा कंपनीनं कमी केलंय ना?”

उत्तर मी रस्त्यात घोकलं होतं, तरी जीभ जड झाली. म्हटलं, “दादा, मर्यादा ठरवताना आम्ही आतली-बाहेरची सगळी माहिती बघतो. बाहेरची माहिती कोणाची, हे मला बोलता येत नाही, त्याबद्दल विचारू नका. पण 75 हा आकडा आमच्या सहीचा आहे. भांडायचं तर माझ्याशी भांडा. आणि गुरुवारी गाडी ज्या तऱ्हेनं अडली, ती आमची चूक होती.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ताळेबंद बघितलात तर.” आणि आपण होऊन सांगायला लागले. नव्या मशीन जानेवारीत बसल्या, कर्जाचं व्याज जानेवारीपासूनच सुरू झालं. पण त्यांच्यावरच्या भागांना ग्राहक कंपनीची मंजुरी, पीपॅप, मिळाली ती जुलैत. मार्चच्या ताळेबंदात कर्ज आणि व्याज पूर्ण दिसतं, विक्री दिसतच नाही. काचेतून त्यांनी शेडमधल्या दोन मशीन दाखवल्या. दोन्ही चालू होत्या.

“तुमच्या पेमेंटबद्दल तक्रार नाही” हे मी म्हणू शकले, कारण ते खरं होतं. “तुमच्याशी याचा काही संबंध नाही” असं मी म्हटलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. ताळेबंद त्यांचाच होता. दोष न देणं म्हणजे वस्तुस्थिती झाकणं नव्हे. कर्ज वाढलं हे घडलेलं आहे, आणि त्याचं कारण ऐकून घेण्यापुरती जागा माणसाला मिळाली पाहिजे.

मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि बिलबुकाच्या पाठीवर स्वतः हिशोब केला. “म्हणजे तुम्हाला माझ्याकडून अडतीस लाख एकदाच पाहिजेत.” हो म्हटलं. “महिन्याला अर्धी गाडी जमेल. पण पहिली अर्धी लगेच हवी असेल तर अडलेली गाडी आज सोडा.” मी तिथूनच डायरेक्टरांना फोन केला. एका देय झालेल्या बिलाचे आणि अर्ध्या गाडीचे पैसे दुपारी आरटीजीएसनं आले, संध्याकाळी भिवंडीहून गाडी निघाली.

पुढे काय झालं

पुढच्या आठवड्यात मी विमा कंपनीकडे फेरविचारासाठी ग्राहकाकडून आकडे मागण्याची लेखी परवानगी मागितली. ती यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. मग एप्रिल ते सप्टेंबरचे तात्पुरते आकडे, जीएसटीआर-3बी आणि कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता मालकांनी दिला. या कागदांत जुलैनंतरची विक्री स्पष्ट दिसत होती.

अडतीस लाखांचा खरा मार्ग मात्र वेगळ्या बाजूनं निघाला. मालकांचे स्वतःचे पैसे त्यांच्या मोठ्या ग्राहकाकडे 75 दिवस अडकत. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करणं बंधनकारक केलेलं आहे, आणि ही कंपनी नोंदलेली होती. पण मालकांनी तिथे बिल कधी चढवलंच नव्हतं. ट्रेड्सवर मोठ्या कंपनीनं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत मिळतात, आणि मोठ्या कंपनीनं पुढे पैसे चुकवले तर बँक छोट्या पुरवठादाराकडे येत नाही. व्याजदरही मोठ्या कंपनीच्या पतीवर ठरतो. खरेदी खात्याकडून बिलं मान्य करून घ्यायला त्यांना दीड महिना खेटे घालावे लागले, पण तिसऱ्या महिन्यापासून पैसे येऊ लागले.

चौथ्या महिन्याच्या शेवटी येणं चार गाड्यांवर आलं. चार पूर्ण गाड्या म्हणजे 75.52 लाख, मर्यादेपेक्षा 52 हजार जास्त. चौथ्या गाडीत 640 ऐवजी 620 गोण्या भरल्या आणि प्रश्न सुटला. दोघांनाही फरक पडला नाही, आणि 52 हजारांसाठी सिस्टिमनं पुन्हा गाडी अडवली नाही.

आमचंही नुकसान झालं. मधल्या दोन महिन्यांत त्यांनी प्रत्येकी एक गाडी दुसऱ्या वितरकाकडून घेतली, कारण तिथे 60 दिवस मिळत होते. तो धंदा गेला, आणि मी तो निर्णयाच्या खर्चात धरते. कागद मिळाल्यावर विमा कंपनीनं कव्हर 95 लाख केलं. पाच गाड्या 94.4 लाखांत बसतात, म्हणून आम्हीही मर्यादा 95 लाख केली आणि बिलाची मुदत 50 दिवस ठरली. 1.25 कोटी परत आले नाहीत, आणि मालकांनी मागितलेही नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. मेल आल्यावर मी आधी सिस्टिममध्ये आकडा भरला. आधी फोन करायला हवा होता: डायरेक्टरांना, सेल्सला, आणि मग ग्राहकाला. भरलेली गाडी एक दिवस आमच्या जोखमीवर सोडणं सहज शक्य होतं. 18.88 लाखांसाठी मी घाई केली आणि त्याची किंमत विश्वासात मोजली.

दुसरं, हा बदल आम्हाला अचानक वाटला, पण तो अचानक नव्हता. कर्जासाठी मालमत्ता तारण दिली की त्या बोज्याची नोंद 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे करावी लागते, आणि ती कुणालाही बघता येते. या मशीनवरचा बोजा फेब्रुवारीपासून नोंदलेला होता. आम्ही उन्हाळ्यातच विचारलं असतं, “नवीन मशीन घेतल्या, छान, मंजुरी कधीपर्यंत मिळेल?”, तर ताळेबंद दाखल होण्याआधी सहामाही आकड्यांची तयारी झाली असती. विमा कंपनीला ताळेबंद एकटा दिसला नसता, त्याची गोष्टही सोबत गेली असती.

तिसरं, परवानगीचे ते तीन आठवडे. आता वर्षाच्या सुरुवातीलाच मोठ्या दहा ग्राहकांसाठी अशी परवानगी मागून ठेवते.

सेल्सच्या मुलाला मी दोष देत नाही. काय बोलायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि जे त्याच्या मनात होतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. आता मर्यादा बदलली की सेल्सला आधी दोन वाक्यं लिहून जातात: काय सांगायचं, आणि त्यापुढे विचारलं तर कोणाला फोन जोडून द्यायचा.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. डायरेक्टरांचं म्हणणं आहे की मालकांना विम्याचं आधीच कळलं होतं, तर मी सरळ हो म्हणायला हरकत नव्हती. लपवाछपवी झाली असं त्यांना वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. हो म्हटलं असतं तर अट मोडली असती, आणि पुढचं सगळं बोलणं त्या खोलीत नसलेल्या तिसऱ्याबद्दल झालं असतं. पण पहिल्याच दिवशी परवानगी मागितली असती, तर हा प्रश्न कदाचित आलाच नसता.

सिस्टिममध्ये एक बदल लगेच करून घेतला. गाडी अडली तर गेटच्या पावतीवर आता “क्रेडिट होल्ड” छापलं जात नाही. “पुणे ऑफिसला फोन करा” एवढंच येतं, आणि तो फोन माझ्या टेबलावर वाजतो.